तक्रारीचा नंबर मिळाला आणि पुढे सगळं शांत: पोच-नोंद ठेवा, तारखा लावा

पत्र: ताई, नमस्कार. परदेशातून येताना दोन एअरलाइनचं मिळून एक तिकीट होतं. २ मार्चला उतरलो, बॅग ६ मार्चला घरी आली. मधल्या दिवसांत कपडे, औषधं विकत घ्यावी लागली, त्याचे पैसे मागितलेत. विमानतळावर फॉर्म भरलेला, मग ९ मार्चला ईमेल केला. २४ मार्चला परत केला तर वेगळाच नंबर आला. १२ एप्रिलला फोनवर म्हणाले फायनान्सकडे गेलंय. २५ एप्रिलला पावत्या मागितल्या, त्या वेबसाइटवर चढवल्या, आणि ५ मेला मेसेज की तक्रार बंद! एक एअरलाइन दुसरीकडे बोट दाखवते. आज १५ मे. आता वर कोणाकडे जायचं आणि कधी? उशीर झालाय का? – वैतागलेला प्रवासी

उत्तर:

नाही हो, उशीर झालेला नाही. उलट सगळ्यात महत्त्वाची तारीख तुम्ही नकळत पाळलीये, फक्त ती तुमच्या कागदांत दिसत नाहीये कारण सगळं इनबॉक्समध्ये विखुरलेलं आहे.

आधी ती तारीख बघू. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला बहुतेक ठिकाणी १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो (तुमच्या प्रवासाला आहे का ते तिकिटासोबतच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं, एकदा बघून घ्या). त्यात सामानाच्या तक्रारीला मुदत आहे. चेक-इन केलेलं सामान खराब होऊन आलं तर हातात पडल्यापासून ७ दिवस, उशिरा आलं तर हातात पडल्यापासून २१ दिवस. तक्रार लेखी हवी आणि त्या मुदतीत निदान पाठवलेली तरी हवी. हे दिवस कॅलेंडरचे, म्हंजे शनिवार-रविवार, सुट्ट्या सगळं धरून. तुमची बॅग ६ मार्चला आली, म्हणजे २७ मार्चपर्यंत मुदत होती आणि तुमचा ईमेल ९ मार्चचा आहे. तो गेला नसता तर, फसवणुकीचा प्रकार सोडला तर, एअरलाइनवर दावाच करता आला नसता, मग खर्च कितीही खरा असो. तेव्हा तो ९ मार्चचा ईमेल म्हणजे तुमचं सोनं आहे, नुसता स्क्रीनशॉट काढून थांबू नका, मूळ ईमेल आहे तसाच `.eml` फाईल म्हणून उतरवून ठेवा, कारण त्यात पाठवल्याची वेळ आणि कोणाला गेला ते सगळं असतं, स्क्रीनशॉटवर कोणीही शंका घेऊ शकतं.

आणि हो, विमानतळावरचा फॉर्म. त्याला पीआयआर म्हणतात, त्यावरचा नंबर बहुतेक वेळा दहा अक्षरांचा असतो, आधी विमानतळाची तीन, मग एअरलाइनची दोन, मग पाच आकडे. हा नंबर बॅग शोधण्यासाठी असतो. भरपाईची मागणी त्यात केलेली नसते, त्यामुळे "आम्ही फॉर्म भरला होता की" म्हणून निर्धास्त राहणारे बरेच लोक तिथेच अडकतात. तुम्ही वेगळा ईमेल केलात ते बरं केलंत.

आता नोंदवही. एक्सेल घ्या नाहीतर साधी वही, मला काही फरक पडत नाही, पण रकाने नीट घ्या. तारीख आणि वेळ. कोणी कोणाला. कुठल्या मार्गाने, म्हंजे ईमेल, फॉर्म की फोन. त्यांनी दिलेला नंबर. ते काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत, तुमच्या भाषेत सारांश नको. पुरावा कुठे ठेवलाय, म्हंजे फाईलचं नाव. चेंडू कोणाकडे आहे. आणि शेवटचा रकाना, पुढची तारीख आणि त्या दिवशी काय करायचं. हा शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडायचा नाही, प्रकरण संपेपर्यंत. नुसत्या झालेल्या गोष्टी लिहून ठेवल्या तर वहीचा उपयोग कोर्टात होईल कदाचित, पण प्रकरण पुढे सरकवणार नाही, ते सरकतं ते या एका रकान्यामुळे.

तुमचीच वही मी भरून दाखवते, मग कळेल कुठे काय घसरलं.

९ मार्च, तुम्ही त्यांना, ईमेल. लगेच उत्तर आलं, "आपला मेसेज मिळाला, नंबर अमुक." ही मशीनची पोच. माणसाने वाचलंय याचा पुरावा नाही, पण पोचलंय याचा आहे, आणि तुम्हाला सध्या तेवढाच हवाय. हा झाला तुमचा मूळ नंबर. इथून पुढे प्रत्येक पत्राच्या विषयात हाच नंबर आणि पीआयआरचा नंबर, दोन्ही. चेंडू त्यांच्याकडे.

२४ मार्च, तुम्ही नवीन ईमेल लिहिला. इथे पहिली घसरण. तुम्ही जुन्याच ईमेलला रिप्लाय न करता नवीन ईमेल केलात, म्हणून त्यांच्या सिस्टीमने नवीन तक्रार उघडली आणि नवीन नंबर दिला. आता त्यांच्या लेखी तुमची एक तक्रार ९ मार्चची आणि एक २४ मार्चची, दोन्ही वेगळ्या माणसांकडे, आणि जो दुसरी बघतोय त्याच्यासाठी तुम्ही दोन आठवडे उशिरा उगवलेले गिऱ्हाईक आहात. आठवण करून द्यायची असेल तर नेहमी पहिल्याच ईमेलच्या साखळीत रिप्लाय. आणि तरीही नवा नंबर आलाच (येतो, कारण बंद झालेल्या तक्रारीवर रिप्लाय केला की बऱ्याच सिस्टीम आपोआप नवीन तक्रार उघडतात) तर त्याच दिवशी दोन ओळी लिहून टाकायच्या, "नवीन नंबर मिळाला, ही वेगळी तक्रार नाही, ९ मार्चच्या अमुक नंबरचाच पाठपुरावा आहे, कृपया जोडून घ्या."

१२ एप्रिल, फोन. "फायनान्सकडे गेलंय." कोणी सांगितलं? नाव विचारलं का? नसेल विचारलं तर आता ते वाक्य हवेत गेलं. फोनचा नियम माझा असा आहे की फोन ठेवला की त्याच दिवशी त्याच साखळीत ईमेल, "आज दुपारी तीनच्या सुमारास तुमच्याकडच्या अमुक यांनी सांगितलं की प्रकरण फायनान्सकडे आहे आणि इतक्या दिवसांत उत्तर येईल, यात काही चुकीचं असेल तर कळवा." बहुतेक वेळा कोणी कळवत नाही, आणि तुमच्याकडे फोनवरच्या बोलण्याची तारीख घातलेली लेखी नोंद राहते. मुदत सांगितली नसेल तर फोनवरच विचारायचं, "कधीपर्यंत?" नुसतं "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर वहीत लिहिताना पुढच्या तारखेचा रकाना भरताच येत नाही, तिथेच कळतं की उत्तर मिळालेलं नाही.

२५ एप्रिल, त्यांनी पावत्या मागितल्या. इथे चेंडू तुमच्याकडे आला, आणि हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आपण म्हणतो "दोन महिने झाले", ते म्हणतात "आम्ही कागद मागितले ते आले नाहीत". तुम्ही वेबसाइटवर चढवल्यात, पण कधी, आणि "मिळाल्या" असं पान आलं का, त्याचा फोटो आहे का? पत्रात तारीखच नाही म्हणून विचारते. मला दाट शंका आहे की त्या पावत्या दुसऱ्या नंबरला जोडल्या गेल्या नाहीतर कुठेच नाही, आणि कागद आले नाहीत म्हणून ५ मेला तक्रार आपोआप बंद झाली. शंकाच आहे, खात्री नाही, पण "बंद" लिहिताना कारण दिलेलं नसेल तर बहुतेक हेच असतं. फॉर्मवरून काही पाठवलं तर सबमिट दाबण्याआधी भरलेल्या पानाचा फोटो, दाबल्यावर आलेल्या पानाचा फोटो, आणि तेच कागद पीडीएफ करून ईमेलच्या साखळीतही. दोनदा पाठवल्याने कोणी रागावत नाही.

५ मे, "तक्रार बंद". हे अंतिम उत्तर आहे का? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पोच वेगळी, आश्वासन वेगळं, नकार वेगळा आणि बंद वेगळं. नकार म्हणजे "आम्ही पैसे देणार नाही, कारण अमुक", आणि बऱ्याचदा तो "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" वगैरे गोड वाक्यांच्या मधे दडवलेला असतो, म्हणून पूर्ण वाचायचं. तो मिळाला की त्या तारखेला वहीत लाल खूण करा कारण बाहेरच्या संस्थेकडे जायची मुदत बऱ्याचदा तिथून मोजतात. "बंद" मध्ये मात्र होकारही नाही नकारही नाही, त्यामुळे ते उत्तर नाही असं लेखी कळवून ठेवायचं.

आता कधी वर जायचं. इथे लोक दोन टोकं गाठतात, काही जण तिसऱ्या दिवशी सीईओला ईमेल करतात आणि काही जण वर्षभर "बघू" म्हणत बसतात. प्रत्येक बाहेरच्या संस्थेला दोन तारखा असतात, एक "याच्या आधी येऊ नका" आणि एक "याच्या नंतर येऊ नका". आधी गेलात तर अर्ज परत येतो, की आधी कंपनीला पुरेसा वेळ द्या. नंतर गेलात तर मुदतबाह्य. उदाहरणं बघा. आपल्याकडे २००५ च्या माहिती अधिकारात ३० दिवस वाट बघायची, उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि मग दुसऱ्या अपिलाला ९० दिवस. ब्रिटनमध्ये बँक-विम्याच्या तक्रारीत कंपनीला आठ आठवडे द्यावे लागतात, आणि अंतिम उत्तर आलं की लोकपालाकडे जायला सहा महिने. युरोपात स्वतःचा डेटा मागितला तर एक महिना, तो वाढवायचा असेल तर पहिल्याच महिन्यात कळवावं लागतं. आकडे वेगळे, पण रचना तीच. तेव्हा पहिल्या दिवशीच शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं: माझ्या प्रकरणात बाहेरची संस्था कुठली, तिची "आधी नाही" तारीख काय आणि "नंतर नाही" तारीख काय. मधल्या आठवणी या दोन तारखांच्या आत बसवायच्या.

मी स्वतः कशा बसवते ते सांगते, हा कायदा नाही, माझा अंदाज आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत पोच आली नाही तर स्पॅम बघून मूळ ईमेल तसाच पुढे पाठवायचा, नव्याने लिहायचा नाही. चौदाव्या दिवशी एक छोटी आठवण, एकच प्रश्न, उत्तराची तारीख घालून. तिसाव्या दिवशी तक्रार विभागाच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, सगळी साखळी जोडून. आणि बाहेरच्या संस्थेची "आधी नाही" तारीख उलटायच्या दोन आठवडे आधी शेवटची सूचना, म्हणजे ती तारीख आली की अर्ज तयार असतो. याहून जास्त वेळा टोचू नका, रोज ईमेल केला तर काही ठिकाणी प्रत्येक ईमेलने तक्रार रांगेच्या शेवटी जाते आणि आपणच आपल्याला मागे ढकलतो. आणि पहिल्याच दिवशी दहा जणांना सीसी नको, दहाही जण समजतात की दुसरा कोणीतरी बघेल.

एक्सेल वापरत असाल तर A2 मध्ये तक्रारीची तारीख टाकून शेजारी हे ठेवा, पहिलं कामकाजाचे तीन दिवस मोजतं आणि दुसरी दोन कॅलेंडरचे, दोन्हींची गल्लत व्हायला वेळ लागत नाही:

```
=WORKDAY(A2,3)
=A2+14
=A2+30
```

फक्त WORKDAY शनिवार-रविवार सोडतं, सणाच्या सुट्ट्या तुम्ही वेगळ्या दिल्याशिवाय त्याला कळत नाहीत.

आता तुमचं, आज १५ मे. ९ मार्चपासून आठ आठवडे ४ मेला संपले, म्हणजे कोणी आठ आठवड्यांचा नियम लावला तरी तुम्ही तो पार केलाय. पण तुमची साखळी तुटलेली आहे, दोन नंबर, पावत्या हरवलेल्या, तेव्हा थेट बाहेर न जाता एक शेवटचं पत्र पाठवा आणि त्यात सगळं एका जागी आणा. ९ मार्चच्या ईमेललाच रिप्लाय, दोन्ही एअरलाइनला, आणि वेबसाइटवर तक्रारीसाठी जो वरचा अधिकारी दिलेला असेल त्याला. मजकूर साधारण असा:

"बॅग ६ मार्च रोजी मिळाली, लेखी तक्रार ९ मार्च रोजी केली (प्रत जोडली आहे), म्हणजे २१ दिवसांच्या आत. २४ मार्चचा दुसरा नंबर याच तक्रारीचा आहे. १२ एप्रिल रोजी फोनवर प्रकरण फायनान्सकडे असल्याचं सांगण्यात आलं. २५ एप्रिल रोजी मागितलेल्या पावत्या वेबसाइटवर दिल्या होत्या, पुन्हा सोबत जोडत आहे. ५ मे रोजी तक्रार बंद केल्याचं कळवलं, पण मागणी मान्य की अमान्य हे कळवलेलं नाही, त्यामुळे ते उत्तर मी धरत नाही. कृपया २९ मेपर्यंत लेखी निर्णय कळवावा. न आल्यास ३० मे रोजी मी बाहेरच्या तक्रार निवारण संस्थेकडे अर्ज करीन."

धमकी नको, विशेषणं नकोत, "लाज वाटत नाही का" तर अजिबात नको. बाहेरचा माणूस हे पत्र वाचणार आहे, त्याला पाच मिनिटांत क्रम कळला पाहिजे, म्हणून सगळा जोर तारखांवर. आणि ३० मे लिहिलंत तर ३० मेलाच अर्ज करा, एकदा तारीख देऊन गप्प बसलात की पुढच्या तारखेला कोणी विचारत नाही.

एकमेकांकडे बोट दाखवण्याबद्दल. सामानाच्या बाबतीत त्या करारात प्रवाशाला पहिल्या एअरलाइनकडे, शेवटच्या एअरलाइनकडे, आणि ज्या टप्प्यात उशीर झाला त्या एअरलाइनकडे, अशी तिन्हीकडे मागायची मुभा आहे. आतल्या आत हिशेब कोणी कोणाला द्यायचा हा त्यांचा प्रश्न. तुम्ही दोघींना एकच पत्र पाठवलंत की "दुसरीला विचारा" म्हणायला जागा उरत नाही, कारण दुसरी त्याच ईमेलवर आहे.

मोठी तारीख अजून एक आहे, ती आत्ताच कॅलेंडरला टाका. कोर्टात दावा करायला, तुम्ही उतरलात त्या दिवसापासून दोन वर्षं, म्हणजे दोन वर्षांनंतरचा २ मार्च. बॅग मिळाल्याच्या तारखेपासून नाही, उतरल्याच्या. "अजून बोलणी चालू आहेत" म्हणून ही मुदत थांबेल असं अजिबात गृहीत धरू नका, आणि आठवण त्या दिवशीची नको, सहा महिने आधीची लावा, कागद गोळा करायला तेवढा वेळ लागतोच. दावा कुठे आणि कसा हे तुमच्या ठिकाणच्या कायद्यावर आहे, त्यासाठी एखाद्या वकिलाला किंवा ग्राहक मार्गदर्शन केंद्राला वही दाखवा, वही असली की तिथलं बोलणं निम्म्या वेळात होतं.

शेवटचं, पैसे आलेच तर. कधी कधी अर्धी रक्कम देतात आणि सोबत एक लिंक, "स्वीकारा" दाबा. दाबण्याआधी खालचा बारीक मजकूर वाचा, त्यात "पूर्ण व अंतिम" असं असेल तर उरलेले पैसे विसरा. तसं नसेल तर घ्या, आणि त्याच दिवशी साखळीत लिहा, "अमुक रक्कम मिळाली, उरलेल्या अमुक रकमेची मागणी कायम आहे." वहीत त्या ओळीसमोर चेंडू परत त्यांच्याकडे, आणि पुढची तारीख चौदा दिवसांनंतरची.